तुमच्याकडे दिसत नाही का?

“ॲप बंद पडतंय असं कळवलं, की तुम्ही उलट आम्हालाच दहा प्रश्न विचारता. तुमच्याकडे दिसत नाही का?”

दिसतं, पण थोडंच. ज्यांनी फोनमध्ये वापराची माहिती पाठवायला परवानगी दिली आहे, त्यांचेच क्रॅश प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप करणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या पानावर, उमटतात, तेही नावाशिवाय. त्यातला तुमचा कोणता, हे मला कसं कळणार?

लातूरच्या आडतीतलं उदाहरण सांगतो. शेतकऱ्याच्या मालाची पट्टी बनवायचं ॲप मी करतो. सोयाबीनच्या ऐन आवकेत एका मुनीमजींचा मेसेज आला: “ॲप बंद पडालंय. लवकर बघा.” बस. फोन कोणता, कुठल्या पानावर, काय दाबल्यावर, काहीच नाही. माझ्याकडच्या सगळ्या फोनवर मी पट्ट्यांमागून पट्ट्या केल्या. एकदाही बंद पडलं नाही.

“बंद पडलं” म्हणजे नेमकं काय, हीच पहिली पंचाईत. ॲप झटक्यात नाहीसं होऊन होम स्क्रीन दिसली, तर तो क्रॅश. ॲप गोठलं आणि “थांबायचं की बंद करायचं?” असं फोनने विचारलं, तर ते अडकलेलं ॲप. कॅमेरा उघडून परत आल्यावर ॲप पहिल्या पानापासून सुरू झालं, तर बहुतेक वेळा रॅम कमी पडल्यामुळे फोननेच ते मागच्या मागे मारलेलं असतं. तिघांची कारणं वेगळी, शोधायच्या जागाही वेगळ्या. म्हणून फोन केला तेव्हा व्हर्जन वगैरे काही विचारलं नाही.

“मुनीमजी, गायब व्हायच्या आधी शेवटचं काय दाबलं होतं?”

“जतन करा.”

“नवीन पट्टीला का जुन्या?”

“नवीन होतीया की. जुनी दुरुस्त करालो की जातंय.”

एवढ्यानं निम्मं काम झालं. मग म्हटलं, पट्टी दुरुस्तीला उघडा, जतन करा दाबू नका, त्याआधी स्क्रीनशॉट काढा. लोक बंद पडल्यानंतरचा स्क्रीनशॉट पाठवतात. त्यात असतो वॉलपेपर. कामाचं असतं ते आधीचं पान.

स्क्रीनशॉटमध्ये वजनाच्या चौकटीत `२४३.५०` होतं. माझ्या फोनवर त्याच जागी `243.50` दिसतं. मुनीमजींचा फोन नवीन होता आणि घरातल्या पोरानं त्याची भाषा मराठी करून दिली होती.

कोडात हे असं होतं:

```
val s = String.format("%.2f", vajan)
// s चौकटीत दिसतो; जतन करताना परत वाचला जातो
val v = s.toDouble()
```

पहिली ओळ फोनच्या भाषेप्रमाणे अंक लिहिते. मराठीत ते देवनागरी येतात. शेवटच्या ओळीला देवनागरी अंक कळत नाहीत, म्हणून ती `NumberFormatException` देऊन ॲप पाडते. नव्या पट्टीत मुनीमजी आकडे स्वतः टाकतात आणि त्यांच्या कीपॅडवर इंग्रजी अंकच आहेत, म्हणून तिथे काही होत नाही. दुरुस्तीत मात्र चौकट ॲपच भरतं. कट्ट्यांची संख्या पूर्णांक असते आणि `toInt()` ला देवनागरी अंक चालतात, त्यामुळे तिथेही अडलं नाही. अडलं ते फक्त दशांशाच्या वजनाला. फोन हिंदीत असता तरी हे झालं नसतं, कारण हिंदीसाठी अँड्रॉइड आपणहून इंग्रजी अंकच धरतं. आता सांगा, “बंद पडालंय” एवढ्यावरून फोनच्या भाषेपर्यंत कोण पोचणार?

म्हणून मला आधी दोनच गोष्टी हव्या असतात: शेवटचं दाबलेलं बटण आणि वेळ. अंदाजे वेळ कळली तरी कन्सोलमध्ये क्रॅश आलेला असल्यास तो जुळवता येतो. फोनचं मॉडेल, भाषा, व्हर्जन मग विचारतो. ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरून माहितीचं पान उघडलं, की बहुतेक फोनांत तळाशी व्हर्जन सापडतं.

एक विनंती मात्र हात जोडून करतो. कळवण्याआधी ॲप काढून परत टाकू नका, “डेटा क्लिअर” तर मुळीच नको. पुष्कळ जण तेच आधी करतात. त्यात खूण पुसली जातेच, शिवाय नेट नसताना केलेल्या आणि सर्व्हरवर न चढलेल्या पट्ट्याही जातात. बाजाराच्या दिवशी असं झालं, तर शेतकऱ्याला काय सांगायचं?

मुनीमजींचं काम तसं एका शब्दाचं निघालं: `String.format(Locale.ROOT, "%.2f", vajan)`. आता चौकटीत नेहमी इंग्रजी अंक येतात. छापील पट्टीवरचे मराठी अंक तसेच ठेवलेत. ते शेतकऱ्यानं वाचायचे असतात, ॲपला परत वाचावे लागत नाहीत.