बर्थ 9 आणि 12 : एसीचं तिकीट आणि न उघडणारी खिडकी

आईला पुण्याहून गावी सोडायचं होतं. आमचं गाव धामणगाव स्टेशनपासून एसटीनं पाऊण तास आत. मे महिना, आईचं वय 71 आणि दोन्ही गुडघे कुरकुरणारे. म्हणून घरात पहिल्यांदाच थर्ड एसीचं तिकीट काढलं, 9 आणि 12, दोन्ही खालचे बर्थ. गाडीचं नाव लिहीत नाही. त्या मार्गावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओळखता येईल, बाकीच्यांना त्याची गरज नाही.

रात्र चांगली गेली. चादरी स्वच्छ होत्या, पँट्रीचं पनीर आईनं एकदा दाबून पाहिलं आणि गुमान डबा उघडून भाकर-ठेचा काढला. मीही तिच्यातच जेवले.

सकाळी भुसावळला गाडी अडीच तास मागे होती आणि तिथून ती मागेच पडत गेली. हे मला आधी कळायचं नाही, की अडीच तासांचे शेगावला तीन आणि अकोल्याला साडेतीन का होतात. त्याचं असं असतं की प्रत्येक गाडीला रुळावर तिची वेळ, तिची वाट ठरवून दिलेली असते. ती एकदा हुकली की मागून वेळेवर येणाऱ्या गाड्यांना रस्ता द्यायला आपली गाडी बाजूच्या लूप लाइनीत जाते. उशीर झालेल्याला आणखी उशीर. दुसरा गैरसमज पैशांचा. डब्यात दोघं-तिघं ठासून सांगत होते की तीन तासांवर गेली म्हणजे पूर्ण भाडं परत. तसं नाही. गाडी आपण जिथून चढणार त्या स्टेशनावर तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि आपण चढलोच नाही, तर पूर्ण भाडं मिळतं. चढून बसल्यावर वाटेत झालेला उशीर आपलाच.

शेगावला कचोरी घेतली. गरम होती, मिरची झणझणीत होती. संपूर्ण प्रवासात पैसे वसूल झालेली वस्तू तेवढीच.

अकोला सोडलं आणि आईनं पदरानं मान पुसली. मी म्हटलं, उन्हाची तिरीप असेल. दहा मिनिटांनी बाथरूमला म्हणून पुढे गेले तर चाळीस नंबरच्या पलीकडे डबा छान गार! आमच्या बाजूला मात्र वरच्या जाळीतून कोमट वारा. या डब्यांना छतावर दोन एसी मशिनी असतात, दोन्ही टोकांना एकेक. आमच्या टोकाची बसली होती. हे ओळखायची खूण सोपी आहे. डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालत जायचं. अर्धा गार आणि अर्धा तापलेला असेल तर एक मशीन गेलं, सगळाच तापला असेल तर भानगड विजेची.

मूर्तिजापूर मागे पडलं आणि बडनेऱ्याच्या अलीकडे एका लहानशा स्टेशनाच्या लूपवर गाडी उभी राहिली. एक तास दहा मिनिटं. दुपारचा दीड. बाहेर नांगरून टाकलेली काळी रानं, एक बाभूळ आणि बाभळीखाली बकऱ्या. स्लीपरवाले खिडक्या उघडून, दारात उभे राहून निदान झळा तरी खात होते. आमच्या काचा बंद. एसीच्या डब्यात एसी बंद पडला की तो डबा नसतो, बंद पेटी असते.

आईनं पिशवीतून पांढरा कांदा काढला, बुक्कीनं फोडला, अर्धा माझ्या हातात दिला. म्हणाली, "ह्याच्यापरीस आपला स्लीपर बरा व माय. खिडकी त उघडते."

मेकॅनिक आला. विशीतला पोरगा, शर्ट पाठीला चिकटलेला. दाराजवळचं पॅनेल उघडून त्यानं मशीन पुन्हा चालू केलं. गार वारा आला, डब्यात टाळ्या पडल्या आणि सातव्या-आठव्या मिनिटाला खट्. पुन्हा चालू, पुन्हा खट्. तिसऱ्यांदा मी त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. खोटं बोलला नाही तो.

"ताई, वरची कंडेन्सरची जाळी धुळीनं चोक आहे. आतली गरमी बाहेर फेकल्या जात नाही, गॅसचं प्रेशर चढते आन् मशीन सोताले वाचवाले बंद होते. थंडीत चालते अशी मशीन. ह्या उन्हात उभ्या गाडीत नाही चालत."

"मग आता?"

"आता छतावर चढता येत नाही, वर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे. फक्त पंखा चालू ठेवतो. कॉम्प्रेसर घेतला त पुन्हा पडन."

त्यानं पंखा लावला आणि आमच्या टोकाच्या म्हाताऱ्या माणसांना स्वतः पलीकडे नेऊन बसवलं. 57 नंबरच्या कुटुंबानं आईला खिडकीची जागा दिली, वर स्टीलच्या ग्लासात ताक. त्या बाईंनी आईला "मावशी" म्हटलं आणि पुढचा तासभर दोघी कोणाच्या पोरीचं कुठं दिलं यात रंगल्या. मी उभी.

टीसी मात्र दिसेना. 139 वर तक्रार टाकली, पीएनआर आणि डब्याचा नंबर लिहून. वीस मिनिटांत साहेब हजर. बोलायला नम्र, पण कागद म्हटला की हात मागे.

"मॅडम, अर्धा डबा तर गार आहे ना?"

"माझा बर्थ 9 आहे, सर. 57 चं तिकीट काढलं नव्हतं."

"मेकॅनिकनं अटेंड केलं आहे."

"चालू झालं का?"

ते थोडा वेळ जाळीकडे बघत राहिले. जाळीखाली त्यांनाही घाम आलाच होता. मग खाली बसले आणि लिहून दिलं: डबा क्रमांक, आमचे बर्थ, अकोला ते धामणगाव एसी नादुरुस्त, सही. माणूस वाईट नव्हता. एकाला दिला की रांग लागेल ही धास्ती होती त्यांना, आणि रांग लागलीच. मोबाइलवर मेसेज आला की तुमची तक्रार निकाली. एसी अजून बंदच होता.

हा कागद का हवा, ते सांगते. थर्ड एसीत एसी चालला नाही तर जेवढ्या अंतरात चालला नाही तेवढ्याचा थर्ड एसी आणि स्लीपरच्या भाड्यातला फरक परत मागता येतो. ऑनलाइन तिकीट असेल तर उतरल्यापासून 20 तासांच्या आत साइटवर टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरायचा, कारणांच्या यादीत एसी बंद असल्याचं कारण असतं. आणि टीसीनं दिलेला मूळ कागद टपालानं पाठवायचा. खिडकीचं तिकीट असेल तर तिकीट आणि कागद उतरलेल्या स्टेशनावर तेवढ्याच वेळात द्यायचे. घामाचा फोटो, थर्मामीटरचा व्हिडिओ, शेजाऱ्याची साक्ष यांचा उपयोग नाही. आणि टीसी उतरून दुसरा आला की नवा म्हणतो, माझ्यासमोर बंद पडला नाही. म्हणून बंद पडल्या पडल्या मागावा. मी तासभर संकोचात घालवला, हे कबूल करते. आपल्याकडे सरकारी माणसाकडं कागद मागायचा म्हणजे जिवावर येतं.

धामणगावला उतरलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि गाडी पाच तास मागे होती. फलाटावरच्या लूला आई "हवा" म्हणाली. एसटी मिळाली, तिच्या काचा खाली होत नव्हत्या की वर होत नव्हत्या, पण उघड्या होत्या.

टीडीआर त्याच रात्री भरला. कागद दुसऱ्या दिवशी गावच्या पोस्टातून रजिस्टर केला, झेरॉक्स स्वतःजवळ ठेवून. पोस्टातून आल्यावर आईनं विचारलं, रजिस्टरले किती लागले. सांगितलं. मग विचारलं, वापस किती येतीन. तेही अंदाजानं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग उन्हात वाळत घातलेल्या कुरडया उलट्या करायला उठली.

पैसे अजून आलेले नाहीत.