शिशाचं नाणं झालं 'नेतृत्व नाणे'

पैठणला नाथांचं दर्शन झालं आणि जालन्याला परतताना आईला संभाजीनगरातलं एक संग्रहालय दाखवलं. नाव मुद्दाम सांगत नाही. ओळखपत्र ठेवून ऑडिओ गाइडचं यंत्र घेतलं आणि गळ्यात अडकवलं, तर आधीच्या पाहुण्याची इंग्रजीच चालू! भाषेचं बटण दाबून काही होईना. ती बदलायची सोय काउंटरवरच्या माणसाकडेच होती. त्यामुळे यंत्र घेतल्यावर तिथंच उभं राहून पहिला नंबर दाबा, दोन वाक्यं ऐका आणि मगच पुढं जा.

यादीत मराठी नव्हतीच. हिंदी लावली, पण आईनं दोन मिनिटांत हेडफोन काढला. "आकाशवाणीच्या बातम्यावानी बोलायलंय ते, मला काय कळंना."

आत एक टचस्क्रीन होता. त्याच्या कोपऱ्यातल्या पृथ्वीगोलावर बोट ठेवलं की 'मराठी' दिसते. आम्ही खूश. पण मराठी झाली ती फक्त बटणं, व्हिडिओ इंग्रजीतच. शिवाय थोडा वेळ हात लावला नाही की पडदा आपोआप पहिल्या पानावर जातो आणि भाषाही परत इंग्रजी होते.

शेवटी मोबाइलवरचं गुगल ट्रान्सलेट कामाला आलं. जाड भिंतींमुळे आत रेंज नव्हती, पण इंग्रजी आणि मराठी या दोन्ही भाषा मी घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवल्या होत्या. तुम्हीही तसंच करा, आणि निघण्याआधी एरोप्लेन मोड लावून इंग्रजी पेपरच्या एखाद्या बातमीवर कॅमेरा धरून बघा. स्पीकरचं चिन्हही दाबा. आवाज आला नाही तर फोनच्या सेटिंगमध्ये मराठीचा आवाज वेगळा उतरवावा लागतो. माझा इथंच घोटाळा झाला: अक्षरं मराठीत दिसत होती, पण ती आईला मलाच वाचून दाखवावी लागली.

कॅमेरा वापरायच्या आधी पहारेकऱ्याला विचारून घ्या आणि फ्लॅश बंद ठेवा. काचेवर दिव्याची तिरीप पडली की अर्धी अक्षरं गायब होतात. मोबाइल जरा तिरका धरायचा आणि चित्र थांबवून वाचायचं. हात हलला की शब्दही नाचतात.

भाषांतरावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. सातवाहनांच्या एका नाण्याखाली इंग्रजीत 'लेड कॉइन' असं लिहिलं होतं. मोबाइल म्हणाला, 'नेतृत्व नाणे'. इंग्रजीत शिसं आणि पुढारपण यांचं स्पेलिंग एकच, आणि पाटीवर दोनच शब्द, मग त्याला कळणार कसं? मी `coin made of lead` असं सबंध टाइप केलं तेव्हा 'शिसे' आलं. एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना चार गोल असलेली फुली, हे तर नुसतं बघूनही कळत होतं.

आई काचेला नाक लावून म्हणाली, "शिशाचं? मग झिजून गेलं असंल की रं, हत्तीची सोंड कुठंय?"