फोन नंबर बदलला आणि वॉरंटी वाढली

शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हिस विभागातल्या काकांनी कंपनीच्या वेबसाइटवर एक फोन नंबर बदलला. सोमवारी सकाळी एका डीलरचा फोन आला: पंपाला तीन वर्षांची वॉरंटी आहे ना? कंपनी देते एका वर्षाची. वेबसाइटवर मात्र तीन लिहिलेलं होतं. शोध माझ्यापर्यंत आला, कारण ती साइट ड्रूपल या वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर मी बांधली होती आणि कोणी लिहायचं, कोणी मंजूर करायचं, ही घडीही मीच बसवली होती.

घडी साधी होती. मार्केटिंगने मसुदा लिहायचा, कायदा विभागाने बघायचा, वेब समन्वयकाने प्रसिद्ध करायचा. सर्व्हिसला मात्र मी थेट प्रसिद्ध करण्याची मुभा दिली, म्हणजे `use editorial transition publish` ही परवानगी. हेल्पलाइनचा नंबर बदलला तर चार सह्यांची वाट कोण बघणार? बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा बैठकीत विरोध होतो तो फक्त लोगोच्या रंगाला.

ड्रूपलमध्ये प्रसिद्ध असलेल्या पानावर नवा मसुदा ठेवला, तरी वाचकाला जुनंच पान दिसत राहतं. ही सोय मला फार आवडते, आणि फसलो तो नेमका तिच्यातच. मसुदे समांतर चालत नाहीत, एकावर एक रचले जातात. पान संपादनाला उघडलं की समोर येते ती सर्वांत वरची आवृत्ती, लोकांना दिसणारी नव्हे. मार्केटिंगने गुरुवारी त्याच पानावर नव्या मॉडेलचा मजकूर अर्धवट लिहून ठेवला होता. कायदा विभागाकडून उत्तर यायचं होतं, तोवर वॉरंटीच्या जागी त्यांना हवा असलेला आकडा टाकलेला. शुक्रवारी काकांनी पान उघडलं, खाली जाऊन नंबर बदलला, Published निवडून सेव्ह केलं. नंबरासोबत मार्केटिंगचा सगळा मसुदाही बाहेर पडला.

त्यांना कळायला हवं होतं का? एरवी असा मसुदा असला की पानावर Latest version नावाचा टॅब दिसतो. पण तो दिसायलाही वेगळी परवानगी लागते, आणि ती मी सर्व्हिसला दिली नव्हती. दुसऱ्यांचे मसुदे त्यांनी कशाला बघायचे, असा माझा विचार. गंमत अशी, की टॅब लपला तरी संपादनाचा फॉर्म तोच मसुदा उघडत राहिला. फॉर्मच्या तळाशी Current state: Draft असं लिहिलेलं होतं म्हणा. नंबर बदलायला आलेला माणूस ते वाचत नाही. मीही वाचलं नसतं.

दुरुस्तीला दीड दिवस गेला. नंबर आणि पत्ता पानातून काढून स्वतंत्र ब्लॉकमध्ये टाकला. सर्व्हिसला आता फक्त तो ब्लॉक बदलता येतो, तोही मंजुरीशिवाय. पानांना हात लावायचा अधिकार काढून घेतला. मार्केटिंगसाठी मसुदा आणि प्रसिद्धी यांच्यामध्ये Needs review ही पायरी घातली. तिथून पुढे फक्त समन्वयकच ढकलू शकतो, आणि तो रजेवर असला तर त्याचा ठरवलेला बदली. समन्वयकाला काय बदललं ते शेजारी शेजारी दिसावं म्हणून Diff मॉड्यूल लावलं. आधी तो अख्खं पान वाचायचा. खरं तर वाचायचा नाही.

एक भोक राहिलंच आहे. ड्रूपलमध्ये परवानग्यांची बेरीज होते, वजाबाकी होत नाही. मार्केटिंगच्या मॅनेजरना 'सोयीसाठी' लेखक आणि मंजुरी देणारा, अशा दोन्ही भूमिका हव्या आहेत. दिल्या तर ते स्वतःचंच लिखाण स्वतः मंजूर करू शकतील, आणि नुसत्या ड्रूपलमध्ये त्याला अडवणारं काही नाही. मी नाही म्हटलंय. वरून अजून उत्तर आलेलं नाही.

पण मला टोचतंय ते वेगळंच. बैठकीत आवृत्त्यांची यादी पडद्यावर लावली तेव्हा प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीसमोर काकांचं नाव होतं. मार्केटिंगचं नाव खालच्या ओळीत, गुरुवारच्या मसुद्यासमोर, आणि तिकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. काकांना लेखी खुलासा द्यावा लागला. ती दुसरी ओळ मी दाखवली, पण बैठक संपल्यावर, आयटीच्या साहेबांना एकट्याला. परवा काकांचा फोन आला होता. नवा ब्लॉक उघडून बसले होते आणि विचारत होते, "साहेब, सेव्ह करू ना? दुसरं काही जाणार नाही ना सोबत?"