सात आठवडे अडलेले काम आणि विभागप्रमुखांना पाठवलेला ई-मेल

पुण्याजवळ यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लेखा विभागात मी संगणक प्रणालीचे काम पाहते. आमची वार्षिक उलाढाल १० कोटींहून जास्त आणि १०० कोटींहून कमी आहे. त्यामुळे बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत ते ई-इनव्हॉइसच्या सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची अट आम्हाला १ एप्रिल २०२५ पासून लागू होणार होती. मालाची बिले गाडी निघण्यापूर्वीच नोंदवली जात असल्याने त्यांची चिंता नव्हती. अडचण होती ती आमच्याच दुसऱ्या कारखान्यातून महिनाअखेरीस एकगठ्ठा येणाऱ्या जॉबवर्कच्या मजुरीच्या बिलांची आणि क्रेडिट नोटांची, कारण त्यांतले एखादे मागे राहिले की ते सरळ पुढच्या महिन्याच्या गठ्ठ्यात जाई. नव्या अटीनंतर असे बिल पोर्टल स्वीकारणार नव्हते, आणि पोर्टलकडून मिळणारा आयआरएन हा नोंदणी क्रमांक नसलेले बिल कायद्याच्या दृष्टीने बिलच नसल्याने ग्राहकाचे जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, अडकले असते.

उपाय ठरलेला होता. ईआरपीमध्ये, म्हणजे बिले बनवणाऱ्या आमच्या संगणक प्रणालीत, बिल तयार होताच ते सेवापुरवठादारामार्फत आपोआप पोर्टलकडे जावे, एवढेच करायचे होते. जोडणीचा प्रोग्रॅम तयार होता. फक्त ईआरपीच्या सर्व्हरला फायरवॉलमधून सेवापुरवठादाराच्या एका पत्त्यापर्यंत वाट हवी होती. त्यासाठी मी १३ जानेवारीला नेटवर्क सुरक्षा टीमकडे तिकीट टाकले, दर सोमवारी आठवण केली, आणि दर वेळी ‘पाहतो’ एवढेच उत्तर आले. मार्च उजाडला तरी वाट उघडली नव्हती.

३ मार्चला मी आयटी विभागाच्या प्रमुखांना पाठवायचा ई-मेल लिहायला घेतला. त्याची सुरुवातच ‘वारंवार पाठपुरावा करूनही’ अशी होती, खाली सातही आठवणींच्या तारखा होत्या, आणि शेवटी ‘कृपया लक्ष घालावे’ अशी विनंती होती. पाठवण्यापूर्वी तो माझ्या साहेबांना दाखवला, कारण त्यांना अंधारात ठेवून दुसऱ्या विभागाच्या प्रमुखांना लिहिणे बरे नव्हे. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि एकच प्रश्न विचारला, ‘हे वाचून सरांनी नेमके काय करायचे?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. लक्ष घालणे म्हणजे काय, हे मलाच ठाऊक नव्हते.

मग मी जे आधीच करायला हवे होते ते केले आणि तिकिटाचा संपूर्ण इतिहास उघडून पाहिला. १३ जानेवारीनंतर तिसऱ्याच दिवशी त्याचे स्टेटस `Awaiting Requester` झाले होते आणि पुढचे १२ दिवस ते तसेच होते, कारण अर्जावर सर्व्हरच्या मालक विभागाची मंजुरी जोडलेली नव्हती. त्याची सूचना आमच्या विभागाच्या एका जुन्या सामाईक पेटीत जात होती, जी कोणी उघडत नसे. म्हणजे ज्या सात आठवड्यांची मी तक्रार करत होते, त्यांतले जवळजवळ दोन आमच्या खात्यावर होते. मूळ मसुदा तसाच गेला असता, तर सुरक्षा टीमने उत्तरात फक्त ही नोंद जोडली असती आणि विषय तिथेच संपला असता.

त्यानंतर मी तिकीट ज्यांच्याकडे होते त्या इंजिनिअरांना फोन केला आणि उद्या सरांना लिहिणार आहे हे सांगून टाकले. मला वाटले होते ते चिडतील. उलट त्यांचा आवाज मोकळा झाला. ‘मॅडम, तुमच्या ईआरपीच्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आहे. त्याचे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाले. तो इंटरनेटला जोडायला मी हो म्हटले, तर ऑडिटमध्ये उत्तर मला द्यावे लागेल, आणि नाही म्हणण्याचा अधिकार मला नाही,’ असे ते म्हणाले. तिकिटात हे कुठेच लिहिलेले नव्हते. लिहायला हवे होते, असे मला आजही वाटते. पण काम आळसाने नव्हे, तर निर्णय घेऊ शकणारा माणूस त्या साखळीत नसल्याने अडले होते, हे कळल्यावर ई-मेलचा सूरच बदलला.

४ मार्चला सकाळी तो गेला. प्रमुखांच्या नावे पाठवून सीसीमध्ये माझे साहेब आणि ते इंजिनिअर, एवढेच ठेवले. जुन्या ई-मेलची साखळी मुद्दाम जोडली नाही. विषयाच्या ओळीतच मागणी होती: ‘ई-इनव्हॉइस जोडणी: शुक्रवार, ७ मार्चपर्यंत निर्णय हवा’. मूळ मजकूर इंग्रजीत होता. त्याचा मराठीतला आशय असा:

‘१ एप्रिलपासून ३० दिवसांहून जुनी बिले पोर्टल स्वीकारणार नाही. जोडणीच्या चाचणीला दोन आठवडे लागतात, म्हणून वाट १० मार्चपर्यंत उघडणे आवश्यक आहे. तिकीट १३ जानेवारीचे आहे. त्यांतले १२ दिवस आमच्या अपुऱ्या अर्जामुळे गेले. सध्या सर्व्हरची प्रणाली जुनी असल्याने सुरक्षा टीमला परवानगी देता येत नाही, आणि त्यांची हरकत रास्त आहे. दोन मार्ग दिसतात. पहिला, याच सर्व्हरवरून फक्त एका पत्त्यापुरती वाट तीन महिन्यांसाठी उघडणे. यात धोका राहतो आणि तो स्वीकारल्याची आपली लेखी नोंद लागेल. दुसरा, अपडेट मिळणाऱ्या एका वेगळ्या लहान सर्व्हरवरून बिले पाठवणे. यासाठी एक व्हर्च्युअल मशीन आणि आपल्या टीमचे काही दिवस लागतील. आम्हाला दुसरा मार्ग योग्य वाटतो. दोन्ही शक्य नसतील तर तेही कळवावे, म्हणजे आम्ही हाताने बिले भरण्यासाठी माणूस नेमू.’

पाठवण्यापूर्वी ही ओळीन् ओळ मी त्या इंजिनिअरांना वाचून दाखवली होती. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: ‘परवानगी नाकारली’ऐवजी ‘परवानगी देता येत नाही’ असे लिहा. शब्द दोनच, पण पहिल्यात ते आरोपी ठरत होते.

दुपारी उत्तर आले, तेही तीन ओळींचे. दुसरा मार्ग मान्य होता, मशीन सोमवारी मिळणार होते, आणि जुना सर्व्हर कधी बदलणार याची तारीख आमच्या विभागाने महिन्याभरात द्यावी, अशी अट होती. ही अट मला अपेक्षित नव्हती. त्या सर्व्हरचा खर्च आमच्या विभागाच्या अंदाजपत्रकात येतो आणि तो विषय आम्ही दोन वर्षे टाळत होतो. वरच्या पातळीवर प्रश्न नेला की आपलीही झाकलेली बाजू तिथे उघडी पडते, हे साहेबांनी हसत ऐकवले, पण अटीला होकार त्यांनीच कळवला.

मशीन सोमवारी नव्हे, बुधवारी, १२ मार्चला मिळाले. त्या दोन दिवसांसाठी मी पुन्हा वर लिहिले नाही; इंजिनिअरांनी उशिराचे कारण स्वतःहून तिकिटात नोंदवले होते. चाचणीत क्रेडिट नोटांना मूळ बिलाचा क्रमांक जोडला जात नव्हता, ती चूक आमच्या प्रोग्रॅमची निघाली आणि तिने चार दिवस घेतले. २८ मार्चला दुसऱ्या कारखान्यातले जॉबवर्कचे पहिले बिल हात न लावता पोर्टलवर गेले आणि काही सेकंदांत आयआरएन परत आला. तिकीट संध्याकाळी बंद झाले. जुनी सामाईक पेटीही त्याच दिवशी बंद करून घेतली. तीत चारशेहून अधिक न वाचलेल्या सूचना पडून होत्या.