माझा अनुभव : किंमत 10 टक्के उतरवायची, तर किती जास्त विकायचं?

मार्केटिंग फायनान्सच्या पेपरातल्या एका प्रश्नाने मला जेवढं अडवलं, तेवढं अख्ख्या सेमिस्टरने अडवलं नाही. चीड आकडेमोडीची नव्हती. आम्हाला दिलेलं नमुना उत्तर दोन ओळींचं होतं आणि त्यात मूळ प्रश्नाचं उत्तरच नव्हतं. अभ्यास केंद्राला मेल केला, तर बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, "सूत्र वापरा." कोणतं सूत्र, ते नाही.

प्रश्न असा. कोकम सरबताची बाटली ग्राहकाला 200 रुपयांना मिळते. दुकानदाराचं मार्जिन 20 टक्के, वितरकाचं 10 टक्के. कंपनीचा बदलता खर्च बाटलीमागे 84 रुपये, स्थिर खर्च महिन्याला 3 लाख, विक्री 8,000 बाटल्या आणि क्षमता 11,000. ग्राहकाची किंमत 10 टक्क्यांनी कमी करावी का? कर धरायचा नव्हता.

सुरुवात सोपी आहे, फक्त 200 मधून थेट 84 वजा करायचे नाहीत, कारण कंपनीच्या हातात 200 येतच नाहीत. मार्केटिंगमध्ये व्यापाऱ्याचं मार्जिन त्याच्या विक्री किमतीवर मोजतात, खरेदीवर नाही. म्हणून दुकानदाराचे 40 गेले, राहिले 160. वितरक 160 ला विकतो, त्याचे 16 गेले, राहिले 144. त्यातून 84 वजा केले की बाटलीमागे उरतं ते कॉन्ट्रिब्युशन, 60 रुपये. 3 लाखांना 60 ने भागलं की ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा अशी विक्री, 5,000 बाटल्या.

आता अडलेली जागा. ग्राहकाची किंमत 180 झाली की त्याच टक्केवारीने कंपनीला 129.60 मिळतात आणि कॉन्ट्रिब्युशन 45.60 वर येतं. नमुना उत्तराने 3 लाखांना 45.60 ने भागून 6,579 बाटल्या काढल्या आणि लिहिलं, "सध्याची विक्री 8,000 आहे, म्हणून किंमत कमी करणं सुरक्षित." हे वाचून मी थांबले. 8,000 बाटल्याच विकल्या, तर आजचा 1 लाख 80 हजारांचा नफा 64,800 वर येतो. नफा एक तृतीयांशाच्या आसपास उरत असेल, तर सुरक्षित कसलं?

घोळ असा की "ब्रेक-इव्हन" इथे दोन आहेत. पहिला तोटा टाळण्याचा, म्हणजे शून्य नफ्याचा. किमतीच्या निर्णयाला लागतो तो दुसरा: आजचा नफा टिकवायला किती विकावं लागेल? आज एकूण कॉन्ट्रिब्युशन 60 गुणिले 8,000, म्हणजे 4,80,000 आहे. तेवढंच नव्या दराने मिळवायचं तर 4,80,000 भागिले 45.60, म्हणजे 10,527 बाटल्या. विक्री जवळजवळ 32 टक्क्यांनी वाढायला हवी. स्थिर खर्च बदलत नाही, म्हणून तो या हिशेबात आणावाच लागत नाही. मेलमधलं "सूत्र" बहुधा हेच असावं: कंपनीच्या दरातली घट भागिले नवं कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे 14.40 भागिले 45.60, की विक्रीत लागणारी तीच जवळजवळ 32 टक्के वाढ मिळते. हे मला सूत्रावरून नाही, नफा धरून उलटं मोजताना सापडलं, आणि त्याचा आनंद अजून आहे.

आधी सांगायला हवं होतं ते एक: हा 32 टक्क्यांचा आकडा अंदाज नाही, अट आहे. विक्री खरंच तेवढी वाढेल का, हे बाजार सांगेल. उत्तरात दोन्ही वेगळं लिहा.

पुढे मला जास्त मोलाचं वाटलेलं. वरच्या हिशेबात दुकानदाराचे 40 रुपये 36 होतात. बाटलीमागे चार रुपये सोडायला तो तयार होईल का? त्याने 40 आणि वितरकाने 16 रुपयेच मागितले, तर कंपनीकडे 124 येतात आणि कॉन्ट्रिब्युशन 40 रुपये. मग 12,000 बाटल्या लागतात, म्हणजे 50 टक्के वाढ, आणि क्षमता तर 11,000 आहे! प्रश्नातला क्षमतेचा आकडा नमुना उत्तराने वापरलाच नव्हता. त्यापुढे नवं यंत्र किंवा जादा पाळी आली की स्थिर खर्चही 3 लाखांवर राहत नाही आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो.

जाहिरातीचा खर्च जोडून विचारलं, तर तो 4,80,000 मध्ये मिळवा आणि मग भागा. 45,600 रुपयांच्या जाहिरातीला नव्या दराने बरोबर 1,000 बाटल्या जास्त लागतात. म्हणजे 11,527, आणि तेही क्षमतेबाहेर.

बाटल्या काढताना अपूर्णांक आला की वरच्या पूर्ण संख्येवर जा. 10,526 वर नफा काही रुपयांनी कमीच पडतो. परीक्षेत मी दोन्ही ब्रेक-इव्हन शेजारी मांडले, व्यापाऱ्यांच्या मार्जिनची दोन गृहीतकं लिहिली आणि निर्णय दिला: व्यापारी रुपयांत मार्जिन सोडायला तयार नसतील, तर किंमत उतरवू नये.