भोवत्याच्या नोंदी मागण्याचे पत्र

प्राण्यांच्या हालचालींच्या नोंदी साठवणारे मूव्हबँक हे भांडार इथे जर्मनीतली माक्स प्लांक संस्था चालवते. त्यातल्या अनेक अभ्यासांचे नकाशे कोणालाही पाहता येतात, मात्र प्रत्यक्ष नोंदी हव्या असतील तर त्या गोळा करणाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मला माँटेग्यूच्या भोवत्याच्या नोंदी हव्या होत्या. सोलापूरकडच्या माळरानांवर हिवाळ्यात दिसणारा हाच शिकारी पक्षी. पश्चिम युरोपातले भोवते मात्र हिवाळ्यासाठी आफ्रिकेत जातात.

‘संशोधनासाठी’ एवढेच कारण पत्रात पुरत नाही. उलट्या वाऱ्यात या पक्ष्यांचा वेग किती घटतो, हा माझा प्रश्न मी लिहिला आणि त्यासाठी फक्त शरद ऋतूतल्या प्रवासाच्या नोंदी मागितल्या. उत्तरात नोंदींच्या मालकीणबाईंनी एकच गोष्ट विचारली: घरट्यांच्या जागा तुमच्याकडे कशा झाकल्या जातील?

त्या प्रश्नाने मी थक्क झालो. हा पक्षी जमिनीवर, अनेकदा उभ्या पिकात घरटे करतो, त्यामुळे जागा कळली की तिथे कोणीही चालत पोहोचू शकतो. प्रत्येक नोंद थोडी इकडेतिकडे सरकवून भागत नाही, कारण पक्षी घरट्यावर शेकडो वेळा परततो आणि त्या सर्व नोंदींची सरासरी काढली की घरटे पुन्हा सापडते. म्हणून विणीच्या काळातल्या नोंदी त्यांनी पाठवण्याआधीच वगळाव्यात, असे मी सुचवले. छापील नकाशात अक्षांश-रेखांश दशांशानंतर एकाच अंकापर्यंत, म्हणजे सुमारे 11 किलोमीटरच्या चौकटीत दाखवण्याचे लिहून दिले.

आपल्याकडे ओळखीच्या अभ्यासकाकडून नोंदी सहज मिळतात, आणि त्या विश्वासाला मी मुळीच कमी लेखत नाही. त्या मोकळेपणामुळेच मी हे काम शिकलो. परंतु 2013 मध्ये पन्नातल्या वाघाच्या गळपट्ट्याची माहिती येणाऱ्या ई-मेल खात्यात शिरण्याचा प्रयत्न झाल्याची बातमी आपणही वाचली आहे. हातोहात फिरलेल्या प्रतींपैकी कोणत्या प्रतीत घरटी आहेत, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून फाइल कूटबद्ध ठेवली जाईल, मी आणि माझे मार्गदर्शक यांच्याखेरीज ती कोणी उघडणार नाही आणि प्रबंध संपल्यावर पुसली जाईल, हेही पत्रात आले.

श्रेयाबाबत मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. नोंदसंचाचा उल्लेख त्याच्या कायम क्रमांकासह संदर्भसूचीत होईलच. सहलेखकत्व मात्र मी आधीच देऊ केले नाही. मसुदा छापायला पाठवण्यापूर्वी त्यांना दाखवायचा आणि निष्कर्षांत त्यांचा विचार खरोखर उतरला तरच नाव घालायचे, असे सुचवले. त्यांनी ते मान्य केले आणि मसुदा वाचायला तीन आठवडे मिळावेत, एवढी अट घातली.