घरच्यांनी अडवलं

पुण्यात एका शब्दकोशाच्या कामावर होते तेव्हाची गोष्ट. संगणकाने मजकुरातून काढलेली शब्दांची यादी समोर होती आणि प्रत्येकाला कुठल्या नोंदीखाली टाकायचं ते ठरवायचं होतं. आदल्या दिवशी प्रोग्रॅमने शेवटचा ‘चा’ कापायचा म्हणून ‘वाचा’चं ‘वा’ करून ठेवलं होतं, त्यामुळे आता सगळं हाताने.

‘घर, घरात, घरांना’ हे तीन शब्द झटकन गेले. यादीत शब्द तीन, पण कोशातली नोंद एकच: घर. सगळ्या रूपांमागच्या या एका शब्दाला भाषाशास्त्रात लेक्सीम म्हणतात. ‘घरांना’ फोडला तर ‘घर’, अनेकवचनी सामान्यरूपाचा ‘आं’ आणि ‘ना’ असे अर्थाचे तीन सर्वांत लहान तुकडे, म्हणजे रूपिम मिळतात. प्रत्ययांनी वचन आणि विभक्ती सांगितली, नवा शब्द घडवला नाही. ‘पुण्यात’ आणि ‘पुणेरी’ यांत हाच फरक आहे. पहिलं ‘पुणे’चं रूप. दुसरं ‘-री’ लागून झालेलं विशेषण, म्हणून त्याची नोंद वेगळी.

मग आला ‘घरच्यांना’.

“‘चा’ षष्ठीचा. टाका घरखाली,” शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले. मीही टाकला असता, पण ‘घराचा’ दोन ओळी वरच होता. षष्ठी लागताना ‘घर’चं सामान्यरूप होतं: घराचा, झाडाचा, दगडाचा. ‘घरचा’ मात्र थेट ‘घर’ला चिकटलाय. आणि ‘झाडचा’, ‘दगडचा’ कुणी म्हणत नाही. विभक्ती बहुतेक सगळ्या नामांना लागते. इथे मोजकीच नामं चालतात, घर, गाव, दार अशी.

“अर्थ बघा,” मी म्हटलं. “घराचा दरवाजा, पण घरचा डबा. ‘घरचा दरवाजा’ म्हटलं की दुसराच काही अर्थ लागतो.”

सर थोडे थांबले. “आणि ‘घरचे काय म्हणाले?’ याला ‘घराचे’ चालत नाही,” तेच पुढे म्हणाले. ‘घरचे’ म्हणजे कुटुंबातली माणसं, हा अर्थ ‘घर’ आणि षष्ठी यांच्या बेरजेतून येत नाही, तो पाठच असावा लागतो. शिवाय त्यावर ‘ना’, ‘नी’, ‘शी’ असे नामाचे प्रत्यय बसतात. ‘घरच्यांना’मध्ये आधी ‘घरचा’ साधित होतो, मग त्याची रूपं चालतात. रूपांचे प्रत्यय सहसा साधित शब्दाच्या बाहेरच्या बाजूला येतात, तेही जुळलं.

चहा गार झाला तेव्हा ‘घरचा’ला स्वतंत्र नोंद मिळाली होती. ‘घराचा’ मुकाट घरखाली गेला. ‘गावचा’वर मात्र सर अजून अडून होते, कारण ‘गावचा पाटील’मध्ये अर्थ सरळच लागतो.

पुढची ओळ ‘कालचा’ची होती. इथे सामान्यरूपाची कसोटीच कोलमडली, कारण ‘काल’ या क्रियाविशेषणाला ते होतच नाही, आणि ‘काळाचा’ हा तर वेगळ्याच शब्दाचा. सरांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, “हे उद्या.”